घरच्या संगणकावर थॉनीच का? एका शिक्षिकेचं पालकांना पत्र

शाळेतून घरी येणारी पत्रं बहुतेक ठरलेली असतात. फी भरायची शेवटची तारीख, सहलीची परवानगी, पालकसभेची वेळ. अकरावीला संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र मात्र वेगळ्याच विषयावर आहे. घरच्या संगणकावर ‘थॉनी’ नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर घ्यावं, सगळ्यांनी तेच घ्यावं आणि निदान पहिल्या सहामाहीत तरी बदलू नये, एवढीच त्यांची मागणी आहे. पुढचा सगळा मजकूर याचं कारण सांगण्यात गेला आहे. पालकांना नुसती सूचना देऊन भागत नाही, हे या बाईंना पक्कं ठाऊक आहे. घरात संगणकातलं थोडंफार कळणारं कुणीतरी असतंच. मोठा भाऊ अभियांत्रिकीला असतो, मामा पुण्याला किंवा हिंजवडीला आयटीत असतो, आणि “हे कसलं बाळबोध सॉफ्टवेअर? आम्ही तर दुसरंच वापरतो,” असं त्यांच्यापैकी कुणीतरी म्हणतंच. पत्र लिहिलंय ते खरं तर त्या मामासाठी.

सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. वर्गात शिकवलेलं घरी करून पाहिलं नाही तर ती येत नाही, आणि घरी करायचं तर संगणकावर दोन गोष्टी लागतात. इथेच पहिला गोंधळ होतो. एक, प्रोग्रॅम टाइप करायची जागा, म्हणजे एडिटर. दुसरी, टाइप केलेलं वाचून त्याप्रमाणे काम करणारा खुद्द पायथन. पहिल्याशिवाय लिहिता येत नाही, दुसऱ्याशिवाय लिहिलेलं चालत नाही. पालक म्हणतात, “पायथन टाकून दिलंय.” मुलगा म्हणतो, “लिहायचं कुठे तेच कळत नाही.” दोघांचंही खरं असतं.

लिहायला जागा तर संगणकात आधीपासून आहेच, मग वर्ड का नाही? प्रोग्रॅम हा साधा मजकूर असतो. ठळक, तिरपं, सुबक असं काही त्यात चालत नाही. वर्ड मात्र आपण टाइप केलेली सरळ अवतरणचिन्हं आपणहून वळणदार करून टाकतो. डोळ्यांना फरक जेमतेम जाणवतो, पायथनच्या लेखी मात्र ती वेगळीच अक्षरं असतात. असा मजकूर उचलून पायथनला दिला की पडद्यावर हे उमटतं:

```
SyntaxError: invalid character '“' (U+201C)
```

हीच चूक पीडीएफ नोट्समधून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुरातून नक्कल करतानाही होते. ओळ पुस्तकातल्यासारखीच दिसत असते, त्यामुळे मूल ती दहा वेळा वाचतं आणि त्याला चूक सापडत नाही. उपाय सोपा आहे: ती दोन चिन्हं पुसून कीबोर्डवरून पुन्हा टाइप करायची.

नोटपॅड अवतरणचिन्हांना हात लावत नाही, पण त्याची अडचण फाइल जतन करताना येते. मूल नाव देतं `gun.py`, आणि नोटपॅड बऱ्याचदा त्याला शेवटी आपलं `.txt` चिकटवतो. विंडोज ओळखीची शेपटं मूळचीच लपवून ठेवत असल्यामुळे फोल्डरमध्ये नाव `gun.py` असंच दिसतं, प्रत्यक्षात फाइल असते `gun.py.txt`. त्यावर डबल क्लिक केलं की प्रोग्रॅम चालण्याऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडतो. अशा वेळी फोल्डरच्या View मधून ‘File name extensions’ चालू केलं की खरं नाव दिसतं. पण पायथनचा पहिला आठवडा या भानगडीत जावा, अशी बाईंची इच्छा नाही.

आता मामाचा मुद्दा. मामा ज्याचं नाव घेतो ते बहुतेक वेळा व्हीएस कोड असतं. मायक्रोसॉफ्टने ते २०१५ साली आणलं. तेही मोफत आहे, आणि व्यवसायात काम करणारे असंख्य लोक ते वापरतात. ते वाईट आहे असं पत्रात कुठेही म्हटलेलं नाही. पण व्हीएस कोड हा फक्त एडिटर आहे. पायथन त्याच्यासोबत येत नाही. ते वेगळं उतरवून घ्यायचं, मग व्हीएस कोडमध्ये पायथनची जोडणी बसवायची, मग संगणकावरचा कोणता पायथन वापरायचा ते त्याला सांगायचं. विंडोजवर पायथन बसवताना पहिल्याच खिडकीत खाली ‘Add python.exe to PATH’ अशी चौकट असते. तिच्यावर खूण करायची राहिली, आणि बहुतेकांची राहतेच, तर पुढे कमांडच्या खिडकीत `python` टाइप केल्यावर पायथन सापडत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये तर त्याऐवजी मायक्रोसॉफ्टचं दुकानच उघडतं. मुलाला वाटतं पायथन गेलं कुठे, म्हणून ते दुकानातून आणखी एकदा घेतं. आता संगणकावर दोन पायथन होतात आणि कोणता कधी चालतो हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

थॉनीत ही अडचण मुळातच येत नाही, कारण विंडोजवरच्या थॉनीच्या पोटात पायथन आधीच असतं. एकच फाइल उतरवायची, एकदाच बसवायचं. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात आइवार अन्नामा यांनी ते तयार केलं आणि २०१५ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध मांडला. ते नवशिक्यांसाठीच बनवलेलं आहे, व्यावसायिकांसाठी बनवून नंतर सोपं केलेलं नाही. आणि हा फरक वापरताना जागोजागी कळतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या स्वतःच्या प्रणालीतही ते आधीपासून दिलेलं असतं.

मोफत म्हणजे पुढे पैसे मागणार का, ही पालकांची शंका रास्त आहे. महिनाभर फुकट आणि नंतर कार्डाचा नंबर मागणारी सॉफ्टवेअरं सगळ्यांच्या परिचयाची आहेत. थॉनी एमआयटी परवान्याखाली खुलं केलेलं आहे. ते वापरण्याची, वाटण्याची, त्यात बदल करण्याचीही मुभा त्या परवान्यातच लिहिलेली आहे. त्यात खातं उघडावं लागत नाही, ईमेल द्यावा लागत नाही. एकदा बसवल्यावर रोजच्या सरावाला इंटरनेटही लागत नाही. ज्या घरात दिवसाचा डेटा भावाबहिणीत वाटून घ्यावा लागतो, तिथे ही मोठी सोय आहे.

पण सोपं बसतं आणि पैसे पडत नाहीत, एवढ्यावर शिक्षिकेने निवड केलेली नाही. खरं कारण पत्राच्या मधल्या भागात आहे, आणि त्यासाठी त्यांनी पाच ओळींचा एक प्रोग्रॅम दिला आहे. तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढायची आहे:

```python
gun = [72, 65, 80]
berij = 0
for g in gun:
    berij = g
print(berij / 3)
```

हा चालवला की उत्तर येतं २६.६६ आणि पुढे बरेच सहा. कुठलाही लाल संदेश येत नाही, पायथनची काहीच तक्रार नसते. पण सर्वांत कमी गुण ६५ असताना सरासरी २६ येईलच कशी? सरासरी सर्वांत लहान आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही, हे सातवीतल्या मुलालाही सांगता येईल. म्हणजे प्रोग्रॅम चुकला आहे, आणि कुठे चुकला हे सांगायला कुणी नाही. नवशिक्याला सर्वांत जास्त छळणारी चूक हीच. लाल अक्षरांतल्या चुकीला निदान ओळीचा क्रमांक तरी असतो.

इथे थॉनीत करायचं ते असं. वरच्या मेनूतल्या View मध्ये जाऊन Variables वर खूण करायची. बाजूला एक चौकट उघडते; तिच्यात प्रोग्रॅममधल्या प्रत्येक नावासमोर त्याची त्या क्षणाची किंमत दिसते. मग हिरव्या बटणाने प्रोग्रॅम सरळ न पळवता शेजारच्या किड्याच्या चित्रावर क्लिक करायचं. प्रोग्रॅम पहिल्याच ओळीवर थांबतो आणि ती ओळ रंगाने उठून दिसते. आता F6 दाबत जायचं, दर वेळी एक पाऊल; फक्त `for` च्या ओळीवर F7 दाबून आत शिरायचं, नाहीतर सगळे फेरे एकाच दमात संपतात.

`gun` समोर तीन आकड्यांची यादी येते. `berij` समोर 0 येतो. फेरा सुरू होतो, `g` समोर 72 येतो, आणि पुढच्या पावलाला `berij` सुद्धा 72 होतो. इथवर सगळं ठीक वाटतं. दुसऱ्या फेऱ्यात `g` होतो 65. आता बेरीज १३७ व्हायला हवी. F6 दाबलं की चौकटीत `berij` समोर येतो 65. इथे मुलाचं बोट थांबतं. आधीचे ७२ गेले कुठे? ते पुसले गेले, कारण चौथ्या ओळीत बेरजेत मिळवायला सांगितलेलंच नाही. जुनी किंमत टाकून नवी ठेवायला सांगितलं आहे. शेवटी `berij` मध्ये फक्त 80 उरतात, आणि ८०ला ३ने भागलं की २६.६६. उत्तर कुठून आलं तेही कळलं आणि चूक कुठे आहे तेही. दुरुस्ती एवढीच:

```python
    berij = berij + g
```

दुरुस्त केल्यावर पुन्हा किड्यावर क्लिक करायचं, आणि या ओळीवर आल्यावर F6 ऐवजी F7 दाबायचं. F6 पूर्ण ओळ एका दमात पार करतो, F7 तिच्या आत शिरतो. ओळीवर एक छोटी चौकट येते आणि उजव्या बाजूचं गणित तुकड्यातुकड्याने सुटताना दिसतं: `berij` च्या जागी 72 बसतो, `g` च्या जागी 65, मग दोन्ही मिळून 137. बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आधी उजवीकडचं काढ, मग डावीकडे ठेव’ हे वर्गात फळ्यावर कितीही वेळा सांगितलं तरी मुलं त्याला गणितातलं समीकरण समजत राहतात आणि `berij = berij + g` हे त्यांना खोटं वाटतं. इथे ते डोळ्यांदेखत घडतं. शेवटी उत्तर येतं ७२.३३.

अशी पावलापावलाने चालण्याची सोय व्हीएस कोडमध्येही आहे आणि ती भक्कम आहे. पण ती ओळीच्या पातळीवर चालते. एका ओळीतलं गणित आतून उलगडून दाखवणं हे थॉनीचं वैशिष्ट्य. शिवाय थॉनीत एखादं फंक्शन बोलावलं की त्याची वेगळी खिडकी उघडते आणि त्यात त्या फंक्शनपुरत्या नावांच्या किमती दिसतात. फंक्शनच्या आतलं `x` आणि बाहेरचं `x` वेगळे कसे, हा दरवर्षी अडणारा प्रश्न त्या दोन खिडक्या शेजारी दिसल्या की बराचसा सुटतो.

Variables च्या चौकटीचा आणखी एक उपयोग पत्रात आहे, आणि पालकांनाही तो पाहता येईल. वय विचारून त्यात एक मिळवणारा प्रोग्रॅम घ्या:

```python
vay = input("वय किती? ")
print(vay + 1)
```

मूल 15 टाइप करतं आणि `TypeError` येतो. चौकटीत `vay` समोर नीट पाहिलं तर नुसतं 15 नसतं, `'15'` असतं, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं. म्हणजे पायथनने तो आकडा म्हणून घेतलाच नाही, अक्षरं म्हणून घेतला. `int(input("वय किती? "))` असं लिहिलं की चिन्हं जातात आणि बेरीज होते. दोन बारीक चिन्हांत अख्खा धडा आहे, आणि तो मुलाने स्वतः शोधला तर पुन्हा शिकवावा लागत नाही.

बसवायची कृती पत्रात सविस्तर दिली आहे. शोधयंत्रात ‘थॉनी’ शोधू नये, कारण सर्वांत वर जाहिराती येतात आणि डाउनलोडची मोठाली बटणं लावलेल्या पानांवरून नको ते संगणकात शिरतं. ब्राउझरच्या पट्टीत `thonny.org` असा पत्ता स्वतः टाइप करायचा. तिथे उजवीकडे वर विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी दुवे असतात. विंडोजची फाइल लहान आहे, वीस-बावीस एमबीच्या घरातली. बसवताना ते सगळ्यांसाठी घ्यायचं की फक्त माझ्यासाठी, असं विचारतं. ‘फक्त माझ्यासाठी’ निवडलं की प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही; वडिलांच्या कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर याचा उपयोग होतो. अर्थात कार्यालयाची परवानगी आधी विचारून. घरचा संगणक जुना असेल, विंडोज ७ वरचा, तर त्याच पानावर त्याच्यासाठी वेगळी ३२ बिटची आवृत्ती ठेवलेली आहे. पायथन थोडं जुनं, पण अकरावीच्या अभ्यासाला पुरेसं. तसंच एक न बसवता चालणारी आवृत्तीही आहे, ती पेनड्राइव्हवर ठेवता येते. ज्यांच्याकडे संगणक नाही आणि जे चुलतभावाच्या नाहीतर शेजारच्या संगणकावर बसतात, त्यांच्यासाठी शिक्षिकेने ही खास सुचवली आहे.

नीट बसलं का हे कसं ओळखायचं? थॉनी उघडल्यावर खालच्या Shell नावाच्या भागात पायथनचा क्रमांक आणि पुढे `>>>` अशी खूण दिसली पाहिजे. तिथे `print("नमस्कार")` टाइप करून एंटर दाबायचं. खाली ‘नमस्कार’ उमटलं की काम झालं.

या एका ओळीवरून मराठी घरांतला एक खास घोटाळा आठवतो. अवतरणांच्या आत देवनागरी खुशाल चालते. पण कीबोर्ड मराठीवर राहिला आणि मुलाने पुढे `72` ऐवजी `७२` लिहिलं, तर पायथन ती ओळच नाकारतो. गंमत म्हणजे अवतरणांत दिलेला देवनागरी आकडा त्याला वाचता येतो: `int("७२")` याचं उत्तर 72 येतं. म्हणजे प्रोग्रॅम वापरणाऱ्या आजीने आपलं वय मराठी आकड्यांत टाइप केलं तरी चालेल. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या नातवाने मात्र इंग्रजी आकडेच वापरायचे. नावंसुद्धा देवनागरीत ठेवता येतात. `बेरीज = 0` हे पायथनला मान्य आहे. तरी शिक्षिका ती रोमन लिपीत ठेवायला सांगतात, कारण दर ओळीला कीबोर्ड बदलला की चुकीच्या लिपीतला आकडा हटकून घुसतो.

फाइलच्या नावाबद्दल पत्रात एक ठळक सूचना आहे आणि ती वाया जाऊ नये. कासवाकडून चित्रं काढून घेणारं `turtle` हे पायथनमधलं साधन मुलांच्या आवडीचं. मूल उत्साहाने पहिला प्रोग्रॅम लिहितं आणि फाइलला नाव देतं `turtle.py`. झालं! प्रोग्रॅममध्ये `import turtle` म्हटलं की पायथन आधी त्याच फोल्डरमध्ये पाहतो, तिथे त्याला मुलाचीच फाइल सापडते आणि खरं कासव बाजूलाच राहतं. मग `turtle` मध्ये `forward` नाहीच, अशी तक्रार येते. मूल पुस्तकाशी ओळ न् ओळ ताडून पाहतं, सगळं जुळतं, तरी चालत नाही. `random.py` या नावाचंही हेच होतं. फाइलचं नाव बदलून `chitra1.py` केलं की कासव चालायला लागतं.

सगळ्यांनी एकच एडिटर घ्यावा, हा आग्रह यासाठीच आहे. संध्याकाळी एखादं मूल फोन करून म्हणतं, “मॅडम, चालत नाहीये.” समोर काय दिसत असेल हे बाईंना ठाऊक असतं: कोणतं बटण कुठे आहे, Variables कुठून उघडायचं, संदेश कुठल्या चौकटीत आला असेल. चाळीस घरांत पाच प्रकारचे एडिटर असतील, तर अर्धा फोन मुलाचा पडदा कसा आहे हे समजून घेण्यातच संपतो.

ज्या घरात मोठ्या भावाने आधीच पायथन आणि व्हीएस कोड बसवलं आहे, त्यांनी काही काढून टाकायची गरज नाही. थॉनी स्वतःचं पायथन वापरतं, त्यामुळे दोन्ही एकत्र नांदतात. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची, आणि ती बारावीत उपयोगी पडते. प्रकल्पासाठी पायथन मायएसक्यूएलशी जोडायचा असतो, त्याला `mysql-connector-python` हे जादा साधन लागतं. भाऊ कमांडच्या खिडकीतून ते बसवून देतो, ‘झालं’ असा संदेशही येतो, आणि थॉनी मात्र `ModuleNotFoundError: No module named 'mysql'` म्हणतं. दोघंही बरोबर असतात. भावाने ते बसवलं त्याच्या पायथनमध्ये, थॉनी पाहतं आपल्या पोटातल्या पायथनमध्ये. थॉनीच्या Tools मधल्या ‘Manage packages’ मध्ये जाऊन तिथूनच ते शोधून बसवलं की काम होतं.

थॉनीच्या मर्यादाही पत्रात लपवलेल्या नाहीत. ते मोबाइलवर चालत नाही, आणि घरात फक्त मोबाइल असलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात. अँड्रॉइडवर पायथन चालवणारी वेगळी ॲप आहेत, पण त्यांत ओळीतलं गणित असं आतून उलगडून पाहता येत नाही. म्हणून या मुलांसाठी प्रयोगशाळा शाळा सुटल्यावर उघडी ठेवू, असं शिक्षिकेने लिहिलं आहे. थॉनी पायथनपुरतंच आहे. वेबपानं लिहायची, वीस-पंचवीस फाइलींचा प्रकल्प सांभाळायचा किंवा चौघांनी मिळून एकाच कामावर बसायचं, तर ते अपुरं पडतं. त्या टप्प्यावर व्हीएस कोडच बरा, हे बाई स्वतःच सांगतात. पहिल्या सहामाहीनंतर ज्याला बदलायचं असेल त्याने खुशाल बदलावं; थॉनीत लिहिलेली `.py` फाइल साधा मजकूरच असल्यामुळे ती दुसऱ्या कुठल्याही एडिटरमध्ये जशीच्या तशी उघडते. तोवर एखाद्या संध्याकाळी पालकांनी मुलाशेजारी बसून, त्याच्याकडून वरचा सरासरीचा प्रोग्रॅम पावलापावलाने चालवून घ्यावा आणि दुसऱ्या फेऱ्यात `berij` समोर काय येतं ते त्यालाच आधी विचारावं, अशी विनंती पत्राच्या शेवटी आहे.